वरच्या मजल्यावरची घरघंटी आणि घरमालकाला लिहिलेलं पत्र

आजचा विषय अगदी घरगुती आहे. तुम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, वरच्या किंवा शेजारच्या घरातून रात्री आवाज येतो, आणि तुम्हाला हे प्रकरण सोसायटीच्या कमिटीपर्यंत न्यायचंय. तर ते घरमालकाला कसं लिहायचं? मी माझीच केस सांगणार आहे, कारण ती पत्रापासून निकालापर्यंत माझ्यासमोर घडली. पत्रही वाचून दाखवणार आहे. कायद्याचं भाषण नाही. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा जो करार होतो तो 'लीव्ह अँड लायसन्स'चा असतो. सोसायटीशी आपलं थेट नातं नसतं. सोसायटीचा सभासद कोण? घरमालक. देखभाल खर्च त्याच्या नावावर निघतो, मत त्याला असतं, आणि फ्लॅट भाड्यानं दिलाय म्हणून बिनभोगवटा शुल्कही त्याच्याच बिलात लागतं. हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, असा शासनाचा 2001 चा आदेश आहे, पण ते असो. मुद्दा असा की तुम्ही सेक्रेटरींकडे गेलात आणि ते म्हणाले, "तुमच्या मालकांना सांगा," तर दरवेळी ती टोलवाटोलवी नसते. आदर्श उपविधींमध्ये तक्रारीची जी पद्धत दिलीय, ती सभासदाच्या तक्रारीची आहे. ठरावीक नमुन्यात लेखी अर्ज, पदाधिकाऱ्याकडे द्यायचा, पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये त्यावर निर्णय घ्यायचा, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो सभासदाला कळवायचा.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की घरमालकाला पाठवायचं पत्र हे खरं तर घरमालकासाठी नसतं. ते कमिटीसाठी असतं, फक्त त्यावर सही घरमालकाची हवी असते. ते असं लिहायचं की त्याला स्वतः एक ओळही लिहावी लागू नये. माझ्या ऑफिसमधल्या एकानं त्याच्या मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, "अंकल, वरचे लोक खूप त्रास देतात, प्लीज काहीतरी करा." मालकानं हात जोडलेला इमोजी पाठवला. विषय संपला. त्या मालकाला मी दोष देणार नाही. त्यानं नेमकं काय करायचं होतं?

आता माझी केस. पुण्यात, हिंजवडीच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझा एक मित्र राहतो. माझी शिफ्ट सकाळी सहाला सुरू होते, त्यामुळे मी दहाला झोपतो. राहायला येऊन दोन महिने झाले आणि जूनच्या शेवटी रात्री एक घरघर सुरू झाली. वरून. नाचगाणं नाही, भांडण नाही, पार्टी नाही. एकसुरी, जाड आवाज, आणि त्याच्याबरोबर आमच्या किचनमधल्या मांडणीतली स्टीलची ताटं बारीक किणकिणायची. बेडरूममध्ये उशीवर कान ठेवला की आवाज वाढायचा. कान उचलला की कमी.

हे लक्षण लक्षात ठेवा, कारण आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, म्हणजे खिडकी-दारातून. तो खिडकी लावली की कमी होतो. दुसरा इमारतीच्या अंगातून, स्लॅब आणि भिंतींमधून. तो खिडकी लावल्यावर उलट जास्त जाणवतो, कारण बाहेरचा बाकी गोंगाट बंद होतो. भिंतीला तळहात लावला तर हाताला कळतो. आणि या दुसऱ्या प्रकाराची खोड अशी की तो कुठून येतोय हे कान नीट सांगत नाहीत. बरोब्बर डोक्यावर वाटतो आणि निघतो तिरक्या फ्लॅटमधून. म्हणून नाव घेण्याआधी खात्री करायची. मी एका रात्री जिन्यानं चौथ्या मजल्यावर गेलो, आणि तिथे मला कानांपेक्षा नाकानं उत्तर दिलं. पॅसेजमध्ये भाजलेल्या धान्याचा वास. ताजी भाजणी! वरच्या काकूंकडे घरघंटी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जाऊन बोललो. काकू दिवसा नोकरी करतात, सातला घरी येतात, मग स्वयंपाक, आणि मग दळण. थालीपीठाची भाजणी, नाचणीचं पीठ, उपासाची भाजणी असं घरगुती विकतात. श्रावण तोंडावर आला होता, ऑर्डरी वाढल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, चिवडा दिला, आणि म्हणाल्या, "अहो, मिक्सरएवढाही आवाज नाही हो तिचा, आम्ही शेजारी बसून टीव्ही बघतो." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरात तो एका यंत्राचा साधा आवाज होता. आमच्याकडे त्याचं छत झालं होतं. दोन दिवस शांत गेले आणि परत सुरू झालं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काकांनी दार उघडलं. त्यांचा सूर वेगळा होता. "तुम्ही भाड्यानं राहताय ना? बॅचलर ना?" एवढंच.

हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बॅचलर भाडेकरूनं मालक-सभासदाविरुद्ध आवाजाची तक्रार करायची, म्हणजे उलट्या दिशेनं वाहणारी नदी. कमिटीला सवय असते ती आपल्याविरुद्धच्या तक्रारींची. आणि मालकाला सगळ्यात सोपा उपाय माहीत असतो: भाडेकरू बदला. आमच्या करारात सहा महिन्यांचा लॉक-इन होता. म्हणजे मी आधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून जाणार. म्हणून पत्र लिहिताना हे दोन्ही धोके डोळ्यासमोर होते.

मी लगेच पत्र लिहिलं नाही. आधी दोन आठवडे नोंद ठेवली. ऑफिसात सर्व्हर बंद पडला तर आम्ही 'सारखं बंद पडतं' असं लिहीत नाही, वेळ लिहितो. तेच इथे. तारीख, आवाज सुरू कधी, बंद कधी, कुठल्या खोलीत, आणि अजून कोणी ऐकला. बास. कसा वाटला, किती चीड आली, हे रकाने नाहीत. आवाज नव्हता त्या रात्रीही 'नाही' म्हणून लिहिल्या. हे महत्त्वाचं आहे, कारण रोज त्रास होतो असं लिहिणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि मोकळ्या रात्री दाखवल्या की भरलेल्या रात्री खऱ्या वाटतात. 3 ते 16 जुलै, चौदा रात्री. त्यातल्या नऊ रात्री आवाज. सगळ्यात कमी वीस मिनिटं, सगळ्यात जास्त सत्तर मिनिटं, 10 जुलैला, रात्री 10:50 ते 12.

नोंदीचा खरा फायदा पुराव्यापेक्षा वेगळाच निघाला. त्यात आकृती दिसली. गुरुवार आणि शुक्रवार सगळ्यात वाईट. का? शुक्रवारचं कारण सोपं, शनिवारी ऑर्डरी जायच्या. आणि गुरुवार? पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. आमच्या भागात त्या दोन्ही गुरुवारी लाइट संध्याकाळी उशिरा आली होती, त्यामुळे काकूंचं दळण पुढे सरकून अकरापर्यंत जायचं. म्हणजे हा माणसांचा बेमुर्वतपणा नव्हता, वेळापत्रकाचा प्रश्न होता. आणि वेळापत्रकाचा प्रश्न कमिटी सोडवू शकते. स्वभावाचा नाही.

आता डेसिबल. माझ्या मित्रांनी लगेच सांगितलं, अ‍ॅप टाक, डेसिबल मोज, नियम दाखव. नियम आहेत. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. वर कोणी स्पीकर लावून गाणी वाजवत असेल तर हे आकडे कामाचे, आणि तेव्हा 112 ला फोन करून पोलिसांना सांगता येतं. पण माझ्याकडे पंखा बंद करून, उशीजवळ फोन ठेवून, घरघंटी पूर्ण जोरात चालू असताना अ‍ॅपनं दाखवले 38 ते 41. म्हणजे नियमात! ताटं किणकिणतायत आणि आकडा म्हणतोय शांतता आहे.

याचं कारण माझ्या रूममेटनं सांगितलं. तो मेकॅनिकलवाला. घरघंटीची मोटर साधारण एक हॉर्सपॉवरची, मिनिटाला 2800 च्या आसपास फेरे. म्हणजे सेकंदाला सुमारे 47. हा फार खालचा सूर झाला. आणि नियमातले डेसिबल ज्या मापानं मोजतात, ते माप माणसाच्या कानासारखं खालच्या सुरांना कमी किंमत देतं. 50 हर्ट्झच्या जवळ ते जवळजवळ तीस डेसिबल वजा करतं. त्यात फोनचा माइक बोलणं ऐकण्यासाठी बनवलेला, तोही खालचे सूर गाळतो. शिवाय हे नियम हवेतल्या आवाजासाठी आहेत, स्लॅबमधल्या थरथरीसाठी नाहीत. म्हणून अशा केसमध्ये पत्रात डेसिबल लिहू नका. लिहिलंत तर समोरचाही अ‍ॅप टाकेल, 40 दाखवेल, आणि तुमची तक्रार तुमच्याच आकड्यानं पडेल. तुमच्या बाजूनं बोलणारी गोष्ट म्हणजे वेळ. रात्री 10 नंतर, इतकी मिनिटं, या तारखांना.

अजून एक गोष्ट मी मुद्दाम पत्राबाहेर ठेवली. घरात धंदा चालतो हा मुद्दा. दोन-तीन जणांनी सांगितलं की तोच सगळ्यात जोरकस आहे, राहण्याच्या फ्लॅटचा वापर बदललाय म्हणून लिही. मला ते पटलं नाही. काकूंची भाजणी विकली जाणं हा माझा त्रास नाही, रात्री अकराला मोटर चालणं हा माझा त्रास आहे. आणि व्यवहार म्हणूनही ते चुकीचं ठरलं असतं. कमिटीतल्या निम्म्या घरांत त्यांचंच पीठ जात होतं, हे मला नंतर कळलं. कोणाच्या पोटावर पाय आणणारी तक्रार आली की सगळे त्या माणसाच्या मागे उभे राहतात, आणि आवाजाचं राहतं बाजूला.

पत्र पाठवण्याआधी करार आणि मेंटेनन्सची पावती काढून बघितली. पावतीवर काय लिहिलंय ते तुम्हीही बघा. 'सहकारी गृहरचना संस्था मर्यादित' असेल तर मी सांगतोय ती उपविधींची पद्धत लागू. पुण्यात बऱ्याच इमारती मात्र सोसायटी नसतात, 'अपार्टमेंट' असतात, फ्लॅटमालकांचं असोसिएशन असतं. तिथे कायदा वेगळा, 1970 चा, आणि तक्रारीची पद्धत त्यांच्या घोषणापत्रात आणि उपविधींत बघावी लागते. आमची सोसायटी होती. आमचे घरमालक निवृत्त आहेत, नाशिकला राहतात, त्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांना मी आधी फोन केला. "अरे, सोसायटीत राहायचं म्हणजे हे चालायचंच," असं म्हणाले. मी म्हटलं, "काका, बरोबर आहे. मी दोन पानं पाठवतो, फक्त वाचा." आणि हे पाठवलं, ईमेलवर, आणि त्याचीच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर. वाचतो.

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

विषय: फ्लॅट 402 मधून रात्री 10 नंतर येणाऱ्या यंत्राच्या आवाजाबाबत, सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज करण्याची विनंती.

आपल्या फ्लॅट 302 मध्ये आम्ही मे महिन्यापासून राहत आहोत. 402 मध्ये असलेल्या घरघंटीची थरथर स्लॅबमधून आपल्या बेडरूममध्ये व किचनमध्ये जाणवते. 3 ते 16 जुलै या चौदा रात्रींपैकी नऊ रात्री हा आवाज रात्री 10 नंतर होता. वेळांची नोंद सोबत जोडली आहे. 10 जुलैच्या रात्रीचा एक मिनिटाचा व्हिडिओही पाठवत आहे. त्यात मांडणीतल्या ताटांचा आवाज ऐकू येतो.

मी स्वतः दोनदा, 29 जून व 2 जुलै रोजी, 402 मध्ये जाऊन बोललो. बोलणं सभ्यपणे झालं. पहिल्या भेटीनंतर दोन दिवस फरक पडला, नंतर नाही. त्यांच्या कामाला आमचा विरोध नाही. आमचं म्हणणं फक्त रात्रीची वेळ आणि यंत्राची जागा यापुरतं आहे.

आम्ही सभासद नसल्यामुळे कमिटीकडे अर्ज आपल्या नावानेच जाणं योग्य होईल. अर्जाचा मसुदा सोबत आहे. आपण वाचून, हवा तो बदल करून सही करून पाठवलात, तर मी तो सोसायटीच्या ऑफिसात देऊन पोच घेईन व आपल्याला पाठवेन. आपल्याला नाशिकहून यावं लागणार नाही. मीटिंगला आपल्या वतीने माहिती द्यायला मला बोलावलं तर मी येईन.

अर्जात तीन मागण्या आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 यंत्र बंद ठेवावं. यंत्र आपल्या बेडरूमवरच्या खोलीतून हलवून त्याखाली रबरी पॅड बसवावेत. आणि निर्णय घेण्याआधी कमिटीच्या दोघांनी एका गुरुवारी रात्री आपल्या फ्लॅटमध्ये येऊन आवाज स्वतः ऐकावा.

आणखी एक विनंती. 31 ऑगस्टपर्यंत यावर तोडगा निघाला नाही, तर लॉक-इनची अट न लावता, एक महिन्याची नोटीस देऊन आम्हाला फ्लॅट सोडता यावा. तशी वेळ येऊ नये अशीच इच्छा आहे, घर आम्हाला आवडलं आहे. आपलं मत कृपया याच ईमेलवर कळवावं.

आपला, भाडेकरू, फ्लॅट 302."

तर हे पत्र. 31 ऑगस्ट का, हे सांगतो. कमिटीची मीटिंग महिन्यातून निदान एकदा व्हायला हवी, आणि निर्णय कळवायला पंधरा दिवस. म्हणजे अर्ज दिल्यापासून जास्तीत जास्त दीड महिना. पत्र 17 जुलैचं, दीड महिना म्हणजे ऑगस्टअखेर. तारीख मनानं ठरवलेली नाही, त्यांच्याच पद्धतीतून काढलेली आहे, म्हणून काकांना ती धमकी वाटली नाही. आणि लॉक-इनचा परिच्छेद शेवटी ठेवला, पहिल्यांदा नाही. पहिल्या ओळीत 'सोडून जाऊ' आलं की मालक पुढचं वाचतच नाही, तो नवीन भाडेकरू शोधायला लागतो.

'अजून कोणी ऐकला' या रकान्याबद्दलही थोडं. तिथे मी फक्त रूममेटचं नाव लिहू शकत होतो, आणि ते एकाच घरातलं झालं. म्हणून 303 मधल्या आजींना विचारलं. त्यांनाही किणकिण ऐकू यायची, पण त्या म्हणाल्या, "माझं नाव कुठे लिहू नकोस रे बाबा, मी त्यांच्याकडूनच पीठ घेते." मी लिहिलं नाही. शेजाऱ्याला न विचारता साक्षीदार करायचं नाही, कारण तुमचा करार अकरा महिन्यांचा आहे, त्यांना तिथे आयुष्य काढायचंय.

काकांचा दुसऱ्या दिवशी फोन आला. अर्जातलं एक वाक्य त्यांनी बदललं, 'मागणी' होतं तिथे 'विनंती' केलं, आणि सही करून पाठवलं. लॉक-इनचं मात्र फोनवर म्हणाले, "बघू." मी परत नम्रपणे ईमेल केला की काका, फोनवर बोललो त्याबद्दल दोन ओळी लिहून पाठवा. चार दिवसांनी आल्या. 'ऑगस्टअखेर प्रश्न सुटला नाही तर लॉक-इन आग्रह धरणार नाही.' मराठी व्याकरणाला धरून नव्हतं, पण मला पुरेसं होतं.

अर्ज सोसायटीच्या ऑफिसात दोन प्रतींत दिला. मॅनेजर म्हणाला, "सर, ग्रुपवर टाका ना, सेक्रेटरी बघतात." पहिली गोष्ट, भाडेकरू त्या ग्रुपवर नसतात. दुसरी, ग्रुपवरची तक्रार म्हणजे अर्ज नाही. तिच्यावर चाळीस जण मत देतात आणि मीटिंगच्या विषयपत्रिकेवर ती येत नाही. मी आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन एक प्रत परत आणली.

27 जुलैच्या रविवारी मीटिंग झाली. मला शेवटची दहा मिनिटं बोलावलं. एक सदस्य पहिल्याच वाक्यात म्हणाले, "भाडेकरूंच्या भानगडीत सोसायटी पडत नाही." सेक्रेटरींनीच कागद पुढे केला, "अर्ज सभासदाचा आहे." तिथे मला कळलं की ती सही किती कामाची होती. 402 चे काकाही होते. ते म्हणाले, पोरं रात्री उशिरापर्यंत जागी असतात, त्यांना काय आवाजाचं. मी माझ्या शिफ्टचं वेळापत्रक दाखवलं आणि वाद घातला नाही. तिसरी विनंती वाचली: दोघांनी येऊन ऐका. याला नाही म्हणणं कोणालाच शक्य नव्हतं, कारण त्यात कोणाचीच बाजू घ्यावी लागत नव्हती.

31 जुलै, गुरुवार. रात्री पावणेअकराला सेक्रेटरी आणि खजिनदार बाई आल्या. मी चहा टाकला होता, तो अर्धा राहिला. वर मोटर सुरू झाली. सेक्रेटरींनी बेडरूमच्या भिंतीला हात लावला, मग खजिनदार बाईंना म्हणाले, "हात लावून बघा." त्या दोघांनी काही लिहून घेतलं नाही, फक्त एकमेकांकडे बघितलं. नंतर दोघं वर गेले. मी गेलो नाही. ते बोलणं सभासदांनी सभासदांशी केलेलंच बरं होतं.

कमिटीला काय करता येतं आणि काय नाही, हे इथे सांगायला हवं. त्या समजावू शकतात, लेखी कळवू शकतात, वेळ ठरवून देऊ शकतात. पण कोणाची वीज तोडता येत नाही, यंत्र उचलून नेता येत नाही. आणि थेट दंडही ठोकता येत नाही. त्यासाठी कारणे दाखवा नोटीस, समोरच्याचं म्हणणं ऐकणं, सर्वसाधारण सभा असा लांबचा रस्ता आहे. म्हणूनच पत्रात 'कडक कारवाई करा' लिहून उपयोग नसतो. कमिटी जे एका मीटिंगमध्ये करू शकते, तेच मागा. निर्णय पटला नाही तर पुढे सर्वसाधारण सभा, रजिस्ट्रार, कोर्ट, विषयानुसार दारं आहेत, पण तिथेही बहुतेक वेळा सभासदच जातो. आणि अकरा महिन्यांच्या करारात तुम्ही त्या दारापर्यंत पोचेपर्यंत करार संपलेला असतो.

9 ऑगस्टला काकांच्या नावानं सोसायटीचं पत्र आलं. घरघंटी रात्री 10 नंतर बंद. गुरुवारी लाइट उशिरा आली तर जास्तीत जास्त साडेदहा. यंत्र बेडरूमच्या वरून हलवून ड्राय बाल्कनीकडच्या कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर लांब. रबरी पॅड बसवायचे. हे वॉशिंग मशीनखाली घालतात तेच, चारचा संच काहीशे रुपयांत मिळतो. माझ्या रूममेटनं एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती, की चाकांवर उभ्या यंत्राखाली पॅड सरकतात, एक जरी निसटला तर वजन तीन पायांवर जातं आणि थरथर पहिल्यापेक्षा वाढते. ते मी सेक्रेटरींना सांगितलं, त्यांनी काकांना सांगितलं, आणि एका शनिवारी चक्क माझा रूममेट वर जाऊन चाकं काढून पॅड लावून आला. येताना अर्धा किलो भाजणी घेऊन आला. पैसे देऊन, हं.

आवाज गेला का? पूर्ण नाही. संध्याकाळी आठ-नऊला किचनमध्ये उभं राहिलं की कळतं वर दळण चाललंय. ताटं वाजत नाहीत, बेडरूममध्ये काही नाही. सप्टेंबरात गणपतीच्या आठवड्यात दोन रात्री साडेअकरापर्यंत चाललं होतं. मी नोंद केली, पण कोणाला कळवलं नाही. तिसऱ्या रात्री झालं असतं तर सेक्रेटरींना एक ओळ पाठवली असती, जुन्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून, नवीन अर्ज न करता. ती वेळ आली नाही. नोंदीची शीट अजून उघडीच ठेवलीय. काकांनी नवीन कराराचा मसुदा पाठवलाय, त्यात लॉक-इन परत सहा महिन्यांचा आहे. त्यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.